हात नेमका कुठे ठेवायचा?

जेवताना कुणाला ठसका लागला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. एकजण टाळूवर थोपटू लागतो आणि दुसरा पाण्याचं भांडं पुढे करतो. साधा ठसका असेल तर यात फारसं बिघडत नाही, कारण माणूस खोकून खोकून स्वतःच मोकळा होतो. पण घास श्वासनलिकेच्या तोंडाशी गच्च बसला असेल, तर टाळूवर थोपटून तो जागचा हलत नाही आणि पाजलेलं पाणीही श्वासाच्या वाटेत जाण्याचा धोका असतो. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की साधारण चार ते सहा मिनिटांत त्याला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात रुग्णवाहिका पोचणं अवघड असतं. म्हणून जे करायचं ते पंगतीत शेजारी बसलेल्या माणसालाच करावं लागतं.

प्रथमोपचाराच्या चित्रफितींची संहिता लिहिणं हे माझं काम आहे. त्यातला मजकूर डॉक्टर ठरवतात आणि तपासतात, प्रात्यक्षिक प्रशिक्षक करतात. कुठल्या गोष्टीनंतर कुठली गोष्ट दिसेल आणि कॅमेरा कुठे असेल, हे मी लिहिते. घशात घास अडकणं आणि वाहतं रक्त थांबवणं, या दोन विषयांवर हा क्रम किती महत्त्वाचा ठरतो ते मला इथे सांगायचं आहे. चित्रफीत कुणी संकटाच्या क्षणी उघडून बसत नाही. ती आधी कधीतरी पाहिलेली असते. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा डोळ्यांपुढे एखादंच चित्र उभं राहतं आणि कानात एखादंच वाक्य राहिलेलं असतं. ते चित्र हाताच्या नेमक्या जागेचं हवं आणि ते वाक्य नेमक्या कृतीचं हवं.

पहिलं दृश्य लग्नाच्या पंगतीचं. साठीचे एक काका मटणाचा तुकडा गिळता गिळता एकदम थांबतात. इथे निवेदकाने लगेच ‘पाठीवर मारा’ म्हणायचं नाही. आधी प्रश्न विचारायचा: ‘काका, अडकलंय का? बोलता येतंय का?’ कॅमेरा काकांच्या चेहऱ्यावर. ते खोकत असतील, आवाज फुटत असेल, तर हवा ये-जा करते आहे. तेव्हा कुणी हात लावायचा नाही. ‘खोका काका, जोरात खोका’ एवढंच म्हणायचं आणि जवळ थांबायचं. माणसाचा स्वतःचा खोकला हा इतर कुठल्याही उपायापेक्षा जोरदार असतो, त्यात मधेच दणका घालून अडथळा आणू नये.

पण आवाजच फुटत नसेल, खोकल्याची हालचाल दिसते आहे पण ऐकू काही येत नाही, हात गळ्याशी गेले आहेत, ओठ निळसर पडू लागले आहेत, तर वाट पूर्ण बंद झाली आहे. ही शांतताच धोक्याची खूण आहे. संहितेत मी या जागी पार्श्वसंगीत बंद करायला सांगते आणि पंगतीचा गलका तेवढा राहू देते. काकांचा चेहरा मात्र निःशब्द. असा माणूस पुष्कळदा लाजून किंवा घाबरून उठून मोरीकडे, बाथरूमकडे जातो आणि तिथे एकटा कोसळतो. म्हणून या दृश्यात शेजारचा पुतण्या त्यांचा दंड धरून त्यांना तिथेच थांबवतो आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ वर फोन लावायला सांगतो. ‘कुणीतरी फोन करा’ असं नाही. एकाचं नाव घेऊन सांगतो.

यापुढे हातांचं काम. पुतण्या काकांच्या बाजूला, थोडा मागे उभा राहतो. एक हात त्यांच्या छातीवर टेकवून त्यांना पुढे चांगलं वाकवतो. वाकवल्यामुळे सुटलेला तुकडा पुन्हा आत न जाता तोंडाकडे येतो. मग मोकळ्या हाताच्या तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग पाठीच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, जोराने, वेगवेगळे पाच दणके. प्रत्येक दणक्यानंतर तुकडा सुटला का ते पाहायचं. सुटला की थांबायचं, पाच पुरे करायचे नाहीत.

इथे कॅमेरा जवळ येतो आणि सगळ्या चित्रफिती याच ठिकाणी चुकतात. समोरून घेतलेल्या दृश्यात वाकलेली पाठ दिसत नाही. म्हणून हे दृश्य बाजूने घ्यावं लागतं. फऱ्यांच्या मधली जागा कळावी म्हणून पांढऱ्या सदऱ्यावर तिथे लाल ठिपका चिकटवतो. जोर दाखवायचा तर तो माणसाच्या पाठीवर दाखवायचा नाही. प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर किंवा कडक उशीवर दाखवायचा. अभिनेत्याच्या पाठीवर हलकं थोपटून घेतलेलं दृश्य पाहणाऱ्याच्या मनात तसंच हलकं थोपटणं ठसवतं आणि अडकलेल्या तुकड्याला त्याने काहीही होत नाही.

पाच दणक्यांनी काम झालं नाही तर पोटावर पाच धक्के. काकांच्या मागे उभं राहायचं, दोन्ही हात कमरेभोवती घालायचे. एका हाताची मूठ, अंगठ्याची बाजू आत, बेंबीच्या थोडी वर आणि छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या बरीच खाली. दुसऱ्या हाताने ती मूठ धरायची आणि झटक्याने आत आणि वर ओढायचं. फुप्फुसात उरलेली हवा त्या दाबाने वर येते आणि तुकड्याला मागून ढकलते. मूठ फार वर गेली तर छातीच्या हाडाचं टोक किंवा बरगडी दुखावते, म्हणून मुठीची जागा दाखवताना मी कॅमेरा मुठीवर पूर्ण पाच सेकंद थांबवायला लिहिते. ‘आत आणि वर’ ही दिशा समोरून कळत नाही. तीही बाजूनेच दाखवावी लागते. सुटलं नाही तर पुन्हा पाच दणके, पुन्हा पाच धक्के, असं आलटून पालटून. खाली लगेच सूचना झळकते: धडधाकट माणसावर पोटाचे धक्के सरावासाठीही देऊ नका, आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. ही ओळ शेवटच्या पाटीवर ठेवली तर तोवर दोन भावंडांनी ती घरात करून पाहिलेली असते.

हा क्रम अलीकडेच सगळीकडे एकसारखा होऊ लागला आहे. डॉ. हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये पोटाच्या धक्क्यांची पद्धत मांडली आणि अमेरिकेत बरीच वर्षं मोठ्यांसाठी तीच एकटी शिकवली गेली. युरोपात मात्र आधी पाठीवरचे दणके शिकवत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठी माणसं आणि एक वर्षावरची मुलं या दोघांसाठी आधी पाच दणके, मग पाच धक्के असा क्रम घेतला. म्हणून फोनवर फिरणाऱ्या जुन्या चित्रफितींत मोठ्यांना थेट पोटाचे धक्के दिलेले दिसतात. लहान मुलाला हे करताना त्याच्या मागे गुडघ्यावर बसायचं, म्हणजे हात बरोबर उंचीला येतात. दिवस भरत आलेली गर्भवती असेल किंवा पोटाला हातांचा वेढा बसत नसेल, तर मूठ छातीच्या हाडाच्या मधोमध ठेवून सरळ मागे ओढायचं.

काका बेशुद्ध झाले तर दणके आणि धक्के दोन्ही थांबवायचे. त्यांना सावकाश जमिनीवर उताणं झोपवायचं, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि छातीच्या मधोमध जोरजोरात दाबायला सुरुवात करायची: तीस दाब, मग दोन श्वास. श्वास देण्याआधी दर वेळी तोंड उघडून पाहायचं. तुकडा दिसला तर बोटाने काढायचा, दिसला नाही तर तोंडात बोट घालायचं नाही. न दिसणारं काढायला गेलेलं बोट तुकड्याला आणखी खाली ढकलतं. हीच सूचना शुद्धीवर असलेल्या माणसालाही लागू आहे आणि आपल्याकडे नेमकी हीच सवय जबरदस्त आहे.

बाळाचं दृश्य वेगळं लिहावं लागतं, कारण तिथे सगळंच बदलतं. भावाने लाडाने दिलेला शेंगदाणा दहा महिन्यांच्या बाळाने तोंडात घातला आणि ते एकदम गप्प झालं. रडणं नाही, खोकला नाही, चेहरा काळवंडतो आहे. घरात पहिली प्रतिक्रिया असते बाळाला पायांनी धरून उलटं लटकवण्याची. त्यात हात सुटून बाळ पडू शकतं, मान हिसकते आणि दणका नेमक्या जागी बसतही नाही.

आजी खाली बसते, एक पाय पुढे पसरते. बाळ पालथं, आजीच्या हाताच्या पुढच्या भागावर, तो हात मांडीवर टेकलेला. बाळाचं डोकं छातीपेक्षा खाली. आजीची बोटं बाळाच्या जबड्याच्या हाडाला आधार देतात. आता कॅमेरा या बोटांवर. बोटं हाडावर आहेत, हनुवटीखालच्या मऊ भागावर नाहीत, हे दिसलंच पाहिजे. मऊ भाग दाबला तर जी वाट मोकळी करायची तीच आणखी बंद होते. प्रशिक्षणाच्या बाहुलीचा गळा मागे वळवून हे फरकासकट दाखवता येतं: आधी चुकीची पकड, तिच्यावर लाल फुली, मग बरोबर पकड. चूक आधी आणि बरोबर नंतर, म्हणजे डोळ्यांत शेवटचं चित्र बरोबर पकडीचं राहतं.

दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या जाड भागाने बाळाच्या पाठीवर फऱ्यांच्या मधे पाच दणके. नाही सुटलं तर दोन्ही हातांमध्ये बाळाला धरून उलटायचं, उताणं घ्यायचं, डोकं अजून खालीच. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याच्या जाड भागाने पाच दाब. पूर्वी हे दोन बोटांनी शिकवत. २०२५ च्या सूचनांत तळव्याच्या जाड भागाने दाब द्यायला सांगितलं आहे. एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटावर धक्के मात्र कधीच द्यायचे नाहीत. त्या वयात यकृत शरीराच्या मानाने मोठं असतं आणि बरगड्यांनी नीट झाकलेलं नसतं, त्यामुळे ते फाटण्याचा धोका असतो.

शेंगदाण्याविषयी इथे थोडं थांबायला हवं. कधी बाळ खूप खोकतं आणि मग अचानक शांत होतं, खेळायला लागतं. घरचे समजतात, गेलं एकदाचं पोटात. पण दाणा घशातून सुटून एका फुप्फुसाच्या नळीत उतरलेला असू शकतो. तिथे तो ओलसर होऊन फुगतो, आजूबाजूला सूज आणतो. मग काही तासांनी किंवा दिवसांनी खोकला येतो, श्वासात एका बाजूला शिट्टीसारखा आवाज येतो, ताप चढतो आणि बाळाला सर्दीचं औषध मिळत राहतं. म्हणून संहितेत शेवटचं वाक्य असतं: दाणा बाहेर पडलेला डोळ्यांनी दिसला नसेल, तर बाळ खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि ‘शेंगदाणा तोंडात होता’ हे स्पष्ट सांगा. अशा दाण्याला दुर्बिणीनेच बाहेर काढावं लागतं. पोटावर धक्के दिलेल्या मोठ्या माणसालाही नंतर डॉक्टरांकडे नेलंच पाहिजे, मग तो कितीही बरा दिसो.

आता रक्ताची गोष्ट. इथे सगळ्यात कठीण दृश्य सगळ्यात साधं आहे: हात ठेवायचा आणि दहा मिनिटं काढायचा नाही.

ऊसतोडीच्या फडात कोयता घसरून एका बाईच्या पोटरीवर लागतो. रक्ताची धार लागते. फडापासून डांबरी रस्ता लांब. आजूबाजूचे धावतात आणि प्रत्येकाकडे काहीतरी असतं: हळद, कॉफीची पूड, दगडी पाला, तंबाखू. संहितेत मी ही सगळी नावं घेते, कारण ‘घरगुती उपाय करू नका’ एवढं म्हटलं की ते कुणाला आपल्याबद्दल वाटत नाही. धार लागलेल्या जखमेतून पूड रक्ताबरोबर वाहून जाते, रक्त कुठून येतंय ते दिसेनासं होतं, जखमेत घाण जाते आणि मुख्य म्हणजे दाब द्यायला उशीर होतो.

नवरा पहिल्यांदा तिला खाली झोपवतो. हाताला प्लास्टिकची पिशवी चढवतो. जखम कुठवर आहे ते दिसावं म्हणून साडी वर सरकवतो. मग स्वच्छ पंचाची घडी थेट धारेच्या जागेवर, त्यावर तळवा, कोपर सरळ आणि शरीराचं वजन हातावर. कॅमेरा दाबणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागेवरून खाली बघतो, म्हणजे पाहणाऱ्याला तो हात आपलाच वाटतो. जोर किती? जवळून दाखवायची खूण म्हणजे दाबणाऱ्याची नखं. पुरेसा दाब असेल तर नखांखालचा गुलाबी रंग जाऊन ती पांढरट पडतात.

प्रात्यक्षिकासाठी स्पंजच्या ठोकळ्याला चीर देऊन आत बारीक नळी ठेवतात आणि मागून सिरिंजने लाल पाणी सोडतात. हात बाजूला पडला तर धार चालूच राहते, नेमक्या जागी दाबलं की थांबते. हा फरक शब्दांत सांगून पटत नाही, तो दिसावा लागतो. दहा मिनिटं पडद्यावर दाखवणं शक्य नाही, पण मी कोपऱ्यात घड्याळ ठेवते आणि मधे एकदा शेजारी माणूस म्हणतो, ‘बघू का, थांबलं का?’ नवरा मान हलवतो, ‘नाही, हात काढायचा नाही.’ दर मिनिटाला कापड उचलून पाहिलं की नुकतीच धरू लागलेली गाठ सुटते आणि रक्त नव्याने सुरू होतं. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवून अधिक जोराने दाबायचं. तरीही रक्त येतच राहिलं तर हात चुकीच्या जागी आहे. कापडं पटकन काढून धारेचं मूळ शोधायचं आणि पुन्हा तिथेच दाबायचं. मांडी, जांघ किंवा काखेतली जखम खोल खळग्यासारखी असेल तर स्वच्छ कापड बोटांनी आत ठासून वरून दाबावं लागतं. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र काहीही भरायचं नाही. काच किंवा लोखंडी तुकडा रुतलेला असेल तर तो उपटायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. तोच काही अंशी छिद्र बुजवून बसलेला असतो.

पट्टा आवळण्याची पाळी थेट दाबाने रक्त थांबलंच नाही तर येते किंवा हातपाय तुटल्यासारखा झाला असेल तर. यंत्रात हात गेला, तर असंच होतं. या दृश्यात मी सुतळी, दोरी आणि वायर यांच्यावर लाल फुली दाखवते. पट्टा निदान दोन इंच रुंद हवा, ओढणीची घडी चालते. तो जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही. गाठ मारून तिच्यात लाकडी दांडका अडकवायचा, पुन्हा गाठ मारायची आणि रक्त थांबेपर्यंत दांडका पिळत जायचा. खूप दुखतं आणि दुखलंच पाहिजे. अर्धवट आवळलेला पट्टा काहीच न बांधण्यापेक्षा वाईट, कारण त्याने परतीच्या नसा बंद होतात पण रक्त आणणारी धमनी चालू राहते, त्यामुळे रक्तस्राव वाढतो. थांबलं की दांडका बांधून ठेवायचा, बांधल्याची वेळ त्वचेवर पेनाने लिहायची आणि वाटेत सैल करायचा नाही. दोन तासांच्या आत रुग्णालय गाठायचं. इथे आणखी एक सूचना मोठ्या अक्षरांत येते: साप चावल्यावर हा पट्टा बांधायचा नाही. आपल्याकडे पट्टा आवळण्याची ओळख बहुतेकांना सर्पदंशामुळेच आहे आणि तिथे तो नुकसान करतो.

बाईचा चेहरा पांढरा पडला, अंगाला गार घाम आला, ती असंबद्ध बोलू लागली, तर रक्त बरंच गेलं आहे. तिला झोपवूनच ठेवायचं, वर घोंगडी घालायची. चहा-पाणी काही द्यायचं नाही, कारण तिला लवकरच भूल द्यावी लागू शकते. नंतर रक्त थांबलं तरी धनुर्वाताची सुई राहू देऊ नये.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १३४अ ने संरक्षण दिलं आहे. चांगल्या हेतूने मदत करताना झालेल्या नुकसानीबद्दल त्याच्यावर खटला भरता येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. ही ओळ चित्रफितीत घालायला मी आग्रहाने सांगते, कारण रस्त्यावर बघ्यांचे हात बहुधा याच भीतीने खिशात राहतात.

तुमच्या कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या गटात प्रथमोपचाराची एखादी चित्रफीत फिरत असेल तर ती पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. घशात अडकलेल्या मोठ्या माणसाला आधी पाठीवर दणके दिले आहेत का? बाळाच्या पोटावर धक्के दिलेले नाहीत ना? आणि जखमेवरचा हात मधेच उचलून पाहिलेला नाही ना? यातलं एकही उत्तर चुकलं, तर ती चित्रफीत पुढे पाठवू नका, आणि ज्याने पाठवली त्याला फोन करून का ते सांगा.